नोटेड विथ थँक्स

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी मेल आला आणि सहा वाजून तेरा मिनिटांनी मी उत्तर देऊन मोकळा झालो. मेलमध्ये लिहिलं होतं की आपल्याला ३ जून रोजी दिलेलं ऑफर लेटर काही अपरिहार्य व्यावसायिक कारणांमुळे मागे घेण्यात येत आहे, झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी लिहिलं, "नोटेड विथ थँक्स."

यात माझा दोष नाही, माझ्या बोटांचा आहे. मी वीस वर्षं परचेसमध्ये काढली. दिवसाला साठ-सत्तर मेल येतात. गाडी उशिरा निघाली, माल कमी आला, रेट वाढला, सगळ्याला उत्तर एकच. या तीन शब्दांवर मी भोसरी एमआयडीसीतला निम्मा पुरवठा सांभाळलेला आहे. त्या संध्याकाळीही डोळ्यांनी 'दिलगीर' हा शब्द पाहिला, बोटांनी आपलं काम केलं, आणि मेल गेल्यावर मेंदू सावकाश जिना चढत वर आला. म्हणाला, अरे, ही तर आपलीच नोकरी.

परिस्थिती थोडी समजावून सांगतो. चाकणच्या एका कंपनीने मला असिस्टंट मॅनेजरची जागा देऊ केली होती. ऑफर ३ जूनला आली, ५ जूनला मी सही करून परत पाठवली, ८ जूनला भोसरीच्या कंपनीत राजीनामा दिला. नोटीस दोन महिन्यांची, म्हणजे शेवटचा दिवस ७ ऑगस्ट, आणि सोमवारी १० ऑगस्टला चाकणला हजर व्हायचं. मेल आला तो १६ जुलैला. जुनी नोकरी संपायला बावीस दिवस उरले होते आणि नवी सुरू होण्याआधीच संपली होती.

एवढ्यात मी काय काय करून ठेवलं होतं तेही सांगायला हवं. सोसायटीच्या तीन मजल्यांवर पेढे वाटले होते. आईने गावाकडच्या सगळ्या आत्या-मावश्यांना फोन करून 'म्यानेजर' एवढंच सांगितलं होतं, असिस्टंट तिने स्वतःच्या जबाबदारीवर गाळला होता. आणि सर्वांत वाईट म्हणजे एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म. तो लोक शेवटच्या आठवड्यात, पाय निघता निघता भरतात. मी राजीनाम्याच्या दिवशीच मागून घेतला आणि जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं. कॅन्टीनबद्दल एक आख्खा परिच्छेद होता. 'उसळीत मटकी शोधण्यासाठी एक कर्मचारी नेमावा' अशी सूचना होती. खाली सही, तारीख, एम्प्लॉयी कोड.

रात्री घरी कुणाला काही बोललो नाही. जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि दीड पानाचं पत्र लिहिलं. त्यात 'मानसिक क्लेश' तीन वेळा आलं होतं, 'विश्वासघात' दोनदा, आणि एका ठिकाणी मी त्यांच्या कंपनीच्या इमारतीच्या रंगाबद्दलही लिहिलं होतं. शिवाय पाठवायची यादी: एचआर, त्यांचे वरिष्ठ, माझी मुलाखत घेणारे साहेब, डायरेक्टर, त्यांच्या वेबसाइटवर सापडलेला आणखी एक डायरेक्टर.

मग मनात आलं, कारण आपल्यातच तर नसेल? माणूस रागातून स्वतःच्या चुकांकडे किती झपाट्याने जातो ते रात्री बारा वाजता कळतं. मुलाखतीत मी त्यांचा चहा अर्धा ठेवला होता. पगाराच्या स्लिपा तिरक्या स्कॅन झाल्या होत्या. पीएफच्या साइटवर जाऊन माझी नोंद उघडली, तर २०१७ साली सोडलेल्या कंपनीने माझी बाहेर पडल्याची तारीखच भरलेली नाही. म्हणजे कागदोपत्री मी गेली कित्येक वर्षं एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करतोय. एक धड जमत नाही तिथे दोन. आणि हल्ली नवी कंपनी कागदपत्रांची पडताळणी करते तेव्हा नेमकी हीच नोंद बघते. झालं, कारण सापडलं! पत्राला एक परिच्छेद जोडला, त्यात या प्रकाराबद्दल मनापासून माफी मागितली. आता पत्राच्या पहिल्या दीड पानात मी त्यांना शिव्या देत होतो आणि शेवटच्या अर्ध्या पानात पाया पडत होतो.

बायको शाळेत मराठी शिकवते. तिला झोपेतून उठवून दाखवलं. तिने आधी पूर्ण वाचलं, मग मला रडायला येतंय का ते पाहिलं, मग उशीखालून पेन काढलं. हो, लाल.

"अहो, ही पहिली दीड पानं कुणासाठी आहेत?"

"त्यांच्यासाठी."

"नाही. ही तुमच्यासाठी आहेत. ठेवून घ्या. आणि हे पीएफचं, त्यांनी विचारलंय का?"

"नाही, पण..."

"मग मुलं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहितात तेव्हा मी काय करते?" तिने परिच्छेदावर काट मारली. लॅपटॉपच्या स्क्रीनवर. ती रेघ अजून आहे.

सकाळी तिच्या भावाला फोन केला. तो शिवाजीनगर कोर्टात वकील आहे आणि मला दाजी म्हणतो, त्यामुळे फी घेत नाही, नुसतं ऐकवतो. मी त्याला आधी माझ्या तीन शब्दांची कबुली दिली.

"दाजी, नोटेड म्हणजे वाचलं. मान्य आहे असं नव्हे. पण पुढच्या मेलमध्ये एक ओळ टाका, की ती फक्त पोच होती. थँक्सचं मात्र माझ्याकडे काही औषध नाही."

मग मी त्याला करार कायद्याबद्दल विचारलं, कारण रात्री तेही वाचलं होतं. १८७२ चा कायदा, कलम ५. देऊ केलेली गोष्ट समोरच्याने स्वीकारल्याचं कळवेपर्यंतच मागे घेता येते, नंतर नाही. मी ५ जूनला कळवलं होतं. मला वाटलं खटला जिंकलोच.

"तिथवर बरोबर आहे," तो म्हणाला. "आता तुमचं ऑफर लेटर काढा आणि शेवटून दुसरं पान वाचा."

शेवटून दुसरं पान मी आयुष्यात कधी वाचलेलं नाही. व्हेंडरला मात्र दरवेळी वाचायला लावतो. तिथे लिहिलं होतं की ही ऑफर समाधानकारक पडताळणीच्या अधीन आहे, आणि पुढे असंही की कंपनीला ती मागे घेण्याचा अधिकार राहील.

"असल्या ओळीवर कोर्टात भांडता येतं," मेहुणा म्हणाला, "पण जिंकलात तरी कोर्ट काही तुम्हाला त्या खुर्चीत नेऊन बसवणार नाही. खाजगी नोकरीत नको असलेला माणूस कुणाच्या गळ्यात बांधत नाहीत. मिळाली तर नुकसानभरपाई, ती कलम ७३ खाली. आणि तिथेही विचारतील, नुकसान कमी करायला तुम्ही स्वतः काय केलंत? म्हणून आज दोन गोष्टी करा. आधी जुन्या साहेबांना भेटून राजीनामा मागे घेण्याचा लेखी अर्ज द्या. नव्यांना पत्र नंतर. तुमच्या जागी माणूस घेतला की तो दरवाजाही बंद."

मला क्रम उलटा वाटला होता. ज्यांनी दुखवलं त्यांच्याशी आधी बोलावं असं वाटतं. पण नव्या कंपनीचं उत्तर चार दिवसांनी आलं असतं तरी चाललं असतं, आणि जुन्या कंपनीत माझ्या जागेसाठी मुलाखती पुढच्याच सोमवारपासून होत्या. मीच त्यांचं वेळापत्रक लावून दिलं होतं.

प्लांट हेडच्या केबिनमध्ये गेलो. अर्ज दिला. खरं ते सांगितलं, कारण खोटं सांगायला रात्रभरात वेळ मिळाला नव्हता. साहेबांनी अर्ज वाचला, ड्रॉवर उघडला आणि त्यात ठेवला. ड्रॉवर उघडला तेव्हा मला माझा एक्झिट फॉर्म दिसला. तो आडवा ठेवलेला होता, मागची बाजू वर.

"बघू," साहेब म्हणाले. "विचार करून सांगतो. राजीनामा मंजूर झालाय, आता मागे घेऊ द्यायचा की नाही ते आमच्यावर आहे, तुम्हाला माहितीये." मग थोडं थांबून म्हणाले, "जेवलात का? आज उसळ आहे."

दुपारी पत्र लिहायला बसलो. कोरी स्क्रीन आणि ती लाल रेघ. विनयाने लिहिलं की भीक मागितल्यासारखं वाचायला येई, ताठ लिहिलं की रात्रीचं पत्र परत डोकं वर काढी. तेवढ्यात खालून गेटवरचा फोन आला, स्प्रिंगवाले आलेत. आणि मला एकदम आठवलं की असलं पत्र मी पाहिलेलं आहे. फक्त तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गिऱ्हाइकाने एका मॉडेलचं शेड्यूल पुढे ढकललं. मी त्या मॉडेलच्या सगळ्या ऑर्डरी शॉर्ट क्लोज केल्या. कंप्युटरवर एक टिचकी आणि खाली 'अपरिहार्य व्यावसायिक कारणांमुळे'. होय, हेच शब्द. मीच वापरतो. एका रबर पार्टवाल्याने मला दोन पानी मेल पाठवला, नऊ जणांना प्रत देऊन. त्याचं म्हणणं रास्त होतं, माल तयार होता. पण नऊ जणांत आमचे एक डायरेक्टर होते, त्यांनी मेल लीगलकडे पाठवला आणि लीगलने आम्हाला सांगितलं की या माणसाशी आता कुणीही बोलायचं नाही. त्याला उत्तर तीन महिन्यांनी गेलं. ते मीही वाचलं, मला कळलं नाही.

स्प्रिंगवाले मात्र स्वतः आले. ऑर्डर ४,००० स्प्रिंगांची होती. लेटरहेडवर हाताने लिहिलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर एवढंच होतं, की कारण आमच्या मालात आहे की तुमच्या शेड्यूलमध्ये? मालात असेल तर काय ते सांगा, दुरुस्त करतो. शेड्यूलमध्ये असेल तर १,५०० नग तयार आहेत ते उचलाल का? उरलेल्यांची २ मिलिमीटरची वायर आणून पडली आहे, ती तुमच्या दुसऱ्या कुठल्या पार्टात बसेल का? बुधवारपर्यंत कळलं तर मशीनवर दुसरं काम लावता येईल.

या कागदापुढे मी हतबल झालो होतो. 'का?' असं नुसतं विचारलं असतं तर माझ्याकडे 'अपरिहार्य कारणं' तयारच होती, पोतंभर. पण 'मालात की शेड्यूलमध्ये' याला ते उत्तर चालत नाही, दोनातलं एक निवडावंच लागतं. आणि निवडायला अवघडही काही नव्हतं, कारण दोष त्यांच्यावर ढकलण्याची मला गरज नव्हती आणि आमच्यावर घेण्याची लाज नव्हती. शेड्यूल म्हणालो. एकदा शेड्यूल म्हटल्यावर १,५०० नग न उचलायला तोंड कुठे राहिलं? आणि वायरही एका जुन्या पार्टात बसली. तो पार्ट मला आठवला नसता, मी शोधला तो त्यांनी विचारलं म्हणून.

गेटवर स्प्रिंगवाले थांबलेच होते. त्यांना चहा पाजला. जरा जास्तच प्रेमाने पाजला असावा, कारण त्यांनी घाबरून विचारलं, "साहेब, ऑर्डर क्लोज करताय का?"

ते गेल्यावर मी त्यांचंच पत्र माझ्या नावाने लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं, आशय असा:

"आपला १६ जुलैचा मेल मिळाला. त्याला मी पाठवलेलं उत्तर ही केवळ पोच होती. आपल्या ३ जूनच्या ऑफरला मी ५ जूनला लेखी होकार दिला व त्यावर विसंबून ८ जूनला राजीनामा दिला. माझा येथील शेवटचा दिवस ७ ऑगस्ट आहे. मला पुढचा निर्णय घेता यावा म्हणून एक समजून घ्यायचं आहे. हा निर्णय माझ्या कागदपत्रांशी किंवा पडताळणीशी संबंधित आहे, की त्या जागेशी? कागदपत्रांशी असल्यास कोणता मुद्दा ते कळवावे, मी खुलासा व पुरावा देईन. जागेशी असल्यास, नंतरची रुजू होण्याची तारीख, आपल्या दुसऱ्या प्लांटमधली जागा किंवा काही महिन्यांचं कंत्राटी काम, यांपैकी काही शक्य आहे का? यातलं काहीच शक्य नसल्यास, ऑफर माझ्याकडील कोणत्याही कारणाने मागे घेतलेली नाही असं लेखी मिळावं, आणि मधल्या काळातल्या पगाराच्या नुकसानीबाबत आपण काय करू शकता तेही कळवावं. बुधवार, २२ जुलैपर्यंत उत्तर मिळाल्यास आभारी राहीन. दहा मिनिटं फोनवर बोलणं सोयीचं असेल तर तेही चालेल."

पाठवलं कुणाला? ऑफरवर सही करणाऱ्या एचआरला, आणि प्रत मुलाखत घेणाऱ्या साहेबांना. बस्स. डायरेक्टरांची नावं खोडताना रबर पार्टवाला डोळ्यांसमोर होता. बायकोने वाचून फक्त एक बदल केला. शेवटी मी सवयीने 'थँक्स' लिहिलं होतं, ते काढलं. म्हणाली, यांना पुरेसं झालंय.

सोमवारी फोन आला. फोनच येणार हे मेहुण्याने सांगितलं होतं, कारण असली कारणं लेखी द्यायला एचआरचा हात धजत नाही, पण तोंडी प्रश्न टाळणंही अवघड. बाई आवाजावरून माझ्या पुतणीच्या वयाची असावी आणि बोलताना ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती. तिला वाटलं असणार मी ओरडणार. नाही ओरडलो. समोर कागद ठेवला होता, त्यावर दोनच शब्द होते: मालात, शेड्यूलमध्ये.

"सर, तुमचे पेपर्स क्लिअर होते. व्हेरिफिकेशन झालंय. ॲक्चुअली नवीन लाईनचं शेड्यूल कस्टमरने पुढे ढकललंय, त्यामुळे त्या लाईनच्या सगळ्या पोझिशन्स फ्रीज आहेत."

मी एक क्षण काही बोललो नाही. गिऱ्हाइकाने शेड्यूल ढकललं म्हणून मला शॉर्ट क्लोज केलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा मी स्प्रिंग होतो. आणि त्या चार हजारांतल्या नेमक्या तयार झालेल्यांपैकी.

"मग माझी वायर..." मी म्हणालो.

"सर?"

"काही नाही. दुसऱ्या प्लांटचं काही?"

तिने विचारून सांगते म्हटलं. त्याच दुपारी मी 'आज फोनवर झालेल्या बोलण्यानुसार' असं लिहून तिने सांगितलेलं चार ओळींत मेलवर टाकलं, चुकीचं असल्यास दुरुस्त करावं अशा विनंतीसह. बोललेलं हवेत जातं, आणि ती बाई उद्या नोकरी सोडून गेली तर माझ्याकडे काय उरणार?

बुधवारी उत्तर आलं. रांजणगावच्या प्लांटमध्ये स्टोअर्समध्ये सहा महिन्यांचं कंत्राटी काम होतं, पगार ऑफरपेक्षा बराच कमी. चिंचवडहून रोज तिथे जायचं म्हणजे पगाराचा मोठा भाग डिझेलला आणि उरलेला कंबरेच्या डॉक्टरला. नाही म्हटलं. पगाराच्या नुकसानीबद्दल त्यांनी खेदपूर्वक असमर्थता कळवली. मी तो मुद्दा तिथेच सोडला, कारण साहेब अर्जाला हो म्हणाले तर नुकसान उरत नव्हतं, आणि नाही म्हणाले तर मेहुणा होताच. पण लेटरहेडवर एक पत्र मिळालं: ऑफर मागे घेण्याचा उमेदवाराची पात्रता, वर्तन वा कागदपत्रे यांच्याशी संबंध नाही. आणि मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी वेगळा फोन करून सांगितलं की लाईन सुरू झाली की कळवतो. याला मी किती किंमत देतो? जेवढी मी व्हेंडरला 'नेक्स्ट टाइम नक्की' म्हणतो त्याला द्यावी, तेवढी.

ते पत्र मी आमच्या साहेबांना दाखवलं. दाखवल्यावर लक्षात आलं की ते मी मागितलं होतं ते पुढच्या मुलाखतींसाठी, पण उपयोग इथेच झाला. माझ्यात काही खोट निघाली म्हणून चाकणने परत पाठवलं असेल, ही शंका साहेबांना होती, आणि ती असणं स्वाभाविक होतं. रिजेक्शनचा माल कुणी तपासल्याशिवाय आत घेत नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, आणि ड्रॉवरमधून माझा अर्ज काढून त्यावर सही केली.

"एक अट आहे," ते म्हणाले आणि ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला.

आईला मी सांगितलं की कंपनीने मला सोडलं नाही. हे खोटं नाही. तिने सगळ्या आत्या-मावश्यांना परत फोन केले आणि मला वाटतं या खेपेला 'जनरल म्यानेजर' झालं. पीएफच्या साइटवर जाऊन २०१७ ची ती तारीख भरून घेण्याच्या मागे लागलोय, निदान कागदावरची एक नोकरी तरी सुटावी.

अट अशी, की मी कॅन्टीन समितीवर व्यवस्थापनाचा प्रतिनिधी म्हणून बसायचं. पहिली बैठक गेल्या आठवड्यात झाली. तक्रार क्रमांक एक म्हणून माझा फॉर्म मोठ्याने वाचला गेला, दोन्ही बाजू. कॅन्टीनच्या कंत्राटदाराने मटकीचा विषय निघताच माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. मग फळ्यावर तक्ता आखला. तक्रार: उसळीत मटकी नाही. जबाबदारी: माझं नाव. पूर्ण करण्याची तारीख साहेबांनी कॅलेंडर न बघता सांगितली.

१० ऑगस्ट, सोमवार. त्या दिवशी मी मोकळाच आहे.